सारंगखेड्याच्या यात्रेत ऐकलेलं गाणं – ढोलकी पाठ आहे, शब्द अर्धेच. ओळखायला मदत करा

तापीकाठ
नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, घोडेबाजार बघून झाला की रात्री तमाशाच्या तंबूकडे जायचो. तिकिटाला पैसे नसायचे म्हणून आम्ही पोरं कनातीच्या बाहेर गेटजवळच्या बांबूखाली उभे राहायचो, त्या बांबूला भोंगा बांधलेला असायचा. तिथे ऐकलेली एक लावणी आजपण डोक्यात वाजते पण पूर्ण आठवत नाही आणि शोधून सापडत नाही.

शब्द आठवतात ते असे – "सोड ना रं ... वाट ... ... घागर". मधलं गेलं. "वाट" नंतर बाई आवाज खूप लांबवायची आणि तेवढ्या वेळात फक्त घुंगरं ऐकू यायची. ढोलकी तोंडाने सांगायची तर कडकड तक, कडकड तक, अशी एकदम पळती, मी बोटाने मोजली तर चार-चारची वाटते. नेटवर "घागर लावणी", "वाट सोड लावणी" असं सगळं टाकून बघितलं, सिनेमातली गाणी येतात, ते हे नाही. कोणाला काही सुचतंय का?

केळीवाला_रावेर
भाऊ मी भजनी मंडळात तबला वाजवतो. तुम्ही चार म्हणता म्हणजे आठच असणार, ढोलकीवर बहुतेक सगळं आठातच चालतं. माझ्या मते ही धुमाळी आहे, धा धिं धा तिं तक धिं धागे तिरकिट, म्हणून बघा जमते का. धुमाळी असेल तर लावणीच, दुसरं काही नाही. जुन्या लावण्यांच्या कॅसेटी असतील कोणाकडे त्यात शोधा, नक्की सापडेल. बहुतेक पठ्ठे बापूरावांची असेल, घागर-बिगर त्यांच्याच लावण्यांत असतं.

शिरपूरकर
दादरा पण असू शकतो ना? लांबवलेला आवाज म्हणजे दादराच. बैठकीच्या लावणीत असंच लांबवतात.

फडातला_भाचा
माझे मामा बरीच वर्षं ढोलकीला होते, खान्देशातल्या यात्रा त्यांच्याबरोबर लहानपणी फिरलोय, म्हणून लिहितो.

शिरपूरकर, दादरा आहे की नाही हे लांबवण्यावरून नाही ठरत. सहात मोजलं तर तीन-तीनचा झोका लागतो, आठात मोजलं तर चार-चारचा. तापीकाठ दादांनी "कडकड तक" दोनदा लिहिलंय, त्यात तीनचा झोका बसतच नाही, तोंडाने म्हणून बघा. आठ बरोबर आहे.

पण केळीवाला भाऊ, आठ आहे म्हणून लावणी, हे पटत नाही. धुमाळी तुम्ही स्वतः भजनाला वाजवत असाल ना? तीच धुमाळी फडात गवळणीला वाजते, लावणीला वाजते, गणालाही चालते. ठेक्यावरून गाणं कुठल्या घरातलं ते कळत नाही. ढोलकी कुठे थांबते, कुठल्या अक्षरावर परत पडते, कुठे दौड घेते, यावरून कळतं. आणि गाणं रात्रीत कितव्या नंबरावर आलं यावरून तर जास्तच कळतं.

तापीकाठ दादा, तीन गोष्टी आठवून सांगा. एक, हे गाणं तमाशा सुरू झाल्यावर लगेच होतं की मध्यरात्र उलटल्यावर? दोन, स्टेजवर एकटी बाई होती की पाच-सहा जणी ओळीत? तीन, ढोलकी पूर्ण बंद पडायची असं तुम्ही म्हणता, ती "वाट" म्हणायच्या आधी बंद व्हायची की नंतर?

ढोलकी_शिकाऊ_चाळीसगाव
वा छान धागा. मी पण ढोलकी शिकतोय, माझ्या ढोलकीची बारीक बाजू रात्री गच्चीवर वाजवली की उतरते आणि दिवसा बरोबर असते, शाई खराब आहे का? चाळीसगावात कोण दुरुस्त करतं?

फडातला_भाचा
शिकाऊ भाऊ, शाई बहुतेक ठीक असेल. हवेत दमटपणा आला की कातडं ओल धरतं, सैल पडतं, सूर खाली जातो. दिवसा कोरड्या हवेत परत ताणतं. रात्री वाजवायची असेल तर वाजवायच्या आधी थोडी कसून घ्या आणि झाल्यावर सैल करून ठेवा, कसलेलीच ठेवली तर कातडं फाटतं.

हे या धाग्यालाही लागू आहे बरं का. डिसेंबरात तापीच्या काठावर रात्री किती दव पडतं ते माहितीये सगळ्यांना. मामा शेकोटीजवळ ढोलकी धरून बसायचे, तरी दोन गाण्यांत सूर हलायचा, मग परत ठोकून चढवायचे. म्हणून "ढोलकी अमुक सुरात होती" ही आठवण गाणं शोधायला कामाची नाही. लय आणि थांबा, या दोनच गोष्टी भरवशाच्या.

तापीकाठ
भाचा दादा खूप धन्यवाद, एवढं कोणी विचारलंच नव्हतं. सुरुवातीलाच होतं हे नक्की, कारण आम्हाला घरी बाराच्या आत यावं लागायचं आणि तमाशा सुरूच व्हायचा दहाच्या पुढे. सुरुवातीला ढोलकी आणि हलगीची बराच वेळ जुगलबंदी चालायची, मग एक गाणं पुरुषांचं, मग हे. स्टेज दिसत नव्हतं, कनातीच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं, पण घुंगरं एकटीची नव्हती, बऱ्याच जणींची एकदम वाजायची. आणि हो, मध्ये मध्ये एक पुरुष बायकी आवाज काढून बोलायचा आणि आतले लोक जाम हसायचे, तो लुगडं नेसलेला होता हे मोठा भाऊ सांगायचा.

ढोलकी "वाट"च्या आधी बंद की नंतर ते सांगता येत नाही. भोंग्यातून नुसतं कडकड ऐकू यायचं.

नंदुरबारी_मिरची
लुगडं नेसलेला पुरुष म्हणजे मावशी!! ही तर गवळण आहे.

फडातला_भाचा
ताईंनी बरोबर ओळखलं. ढोलकी-हलगीची सलामी झाली, मग गण झाला, पुरुषांचं गाणं म्हणता ते गणच असणार, आणि गणाच्या मागोमाग गवळणच येते. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, सोबत मावशी, आडवा कृष्ण नाहीतर पेंद्या. मावशी नेहमी पुरुषच करतो, बहुतेक फडातला सोंगाड्या. लावण्या त्याच्या नंतर, रंगबाजीत. म्हणजे "घागर लावणी" शोधून सापडणार कशी, ती लावणीच नाहीये. "वाट सोड" आणि "घागर" हे दोन्ही शब्द गवळणीच्या रस्त्यावरचेच आहेत.

आता भोंग्याचं. तो कर्ण्याचा भोंगा जाड आवाज सोडतच नाही, त्यातून वरचाच आवाज बाहेर येतो. ढोलकीची शाईची बाजू, टाळी, झांज, घुंगरं, बाईच्या आवाजातली धार, एवढं लांब जातं. जाड बाजूचा घुमारा भोंग्यात मरतो. आणि समेवर वजन पडतं ते त्या घुमाऱ्याचंच. म्हणून भोंग्याखाली उभ्या माणसाला ठेका कुठून सुरू झाला ते कळत नाही, नुसतं कडकड राहतं आणि दौड तेवढी लक्षात राहते. तुम्ही चार मोजले ते दौडीतलेच आहेत, दुगुनीत आठ मात्रा बोटावर चारच वाटतात.

तुमचा मोठा भाऊ आत बसला होता का? त्यांना विचारा. शब्द विचारू नका. एवढंच विचारा की "वाट" आणि "घागर" म्हणताना ढोलकीचा धुम्म कुठे पडायचा. तोंडाने म्हणायला लावा आणि मांडीवर थाप मारायला लावा. थाप माणूस सहसा चुकत नाही, शब्द चुकतो.

केळीवाला_रावेर
गवळण असेल तर मग एकनाथ महाराजांची असेल ना? आमच्या भजनात त्यांच्या कितीतरी गवळणी आहेत.

फडातला_भाचा
असू शकते पण एक खूण लागते. नाथांच्या गवळणीत शेवटच्या कडव्यात "एका जनार्दनी" येतं. बापूरावांचं असेल तर त्यांचं नाव येतं. शाहीर शेवटी आपली छाप ठेवतोच. तापीकाठ दादांना शेवटचं कडवं आठवत नाही, तोवर कर्त्याचं नाव लावू नका. आणि फडातल्या बऱ्याच गवळणी त्या त्या फडाच्या शाहिराने आपल्याच लोकांसाठी रचलेल्या असतात, त्या ना छापल्या गेल्या ना कॅसेटीत आल्या. एक फड बंद पडला की त्याच्या गवळणी गेल्या. मला याचं फार वाईट वाटतं, मामांच्या फडाच्या कमीत कमी दोन गवळणी आता कोणालाच पूर्ण येत नाहीत.

पिंपळनेरची_लेक
मी मध्येच माझं सांगते, चालेल ना. मन्ही आजी कानबाईच्या रात्री एक गाणं म्हणायची आणि हा धागा वाचताना ते एकदम आठवलं. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. आजीचं गाणं असं – "कानबाईनी वाट बाईऽऽऽ डोकावर घागर". "बाई" असंच लांबवायची ती. ढोलकी नसायची, बायका टाळ्या वाजवायच्या. हे तेच आहे का?

शिरपूरकर
नाही हो ताई, ते देवीचं गाणं आहे, इथे तमाशाचं चाललंय.

फडातला_भाचा
शिरपूरकर थांबा जरा, ताईंचं फार महत्त्वाचं आहे. चाल कोणाच्या मालकीची नसते. यात्रेत ऐकलेली चाल बाया घरी घेऊन जातात आणि त्यात कानबाईचे नाहीतर आखाजीचे शब्द बसवतात, उलटंही होतं, शाहीर गावातल्या बायांची चाल उचलतो. ताई, तुम्ही आजीसारखं म्हणा आणि टाळी कुठल्या अक्षरावर पडते ते लिहा ना. घाईने नको, आजीच्या लयीत.

पिंपळनेरची_लेक
आईला फोन लावून म्हणायला लावलं, तिला पूर्ण चाल येते. टाळी पडते "वाट"च्या "वा"वर, मग "बा"वर, मग आवाज लांबलेला असताना एक टाळी मोकळी जाते म्हणजे तिच्यावर शब्द नाही, मग "डोका"वर, आणि मग "घा"वर. "कानबाईनी" हे टाळी सुरू व्हायच्या आधीच म्हणून टाकतात, सगळ्या मिळून. आईने सांगितलं की त्यांच्या लहानपणी पण हे असंच म्हणायचे.

तापीकाठ
मी भावाशी बोललो!! तो आत बसलेला होता, पहिल्या रांगेत गाद्यांवर. त्याला विचारलं थाप मार म्हणून, त्याने लगेच मांडी ठोकली. धुम्म "वाट"च्या "वा"वर आणि नंतरचा मोठा धुम्म "घागर"च्या "घा"वर. "सोड ना रं" म्हणताना ढोलकी बंदच असायची, ती बाई मोकळ्याने म्हणायची आणि "वा"वर ढोलकी एकदम कोसळायची आणि लोक शिट्ट्या मारायचे. दोन धुम्मच्या मध्ये मी मोबाईलवर त्याचं रेकॉर्डिंग लावून मोजलं, आठ येतात. "घागर"च्या आधी "डोई" असं काहीतरी होतं असं पण तो म्हणाला, नक्की नाही म्हणाला.

शिरपूरकर
मग मी सांगतो शब्द – "सोड ना रं वाट नको अडवू कान्हा फुटंल माझी घागर". बरोबर ना? अर्थ पण जुळतो.

फडातला_भाचा
अर्थ जुळतो पण मात्रा बघा. आठ मात्रांत "वा"पासून "घा"पर्यंत जायचंय. शिरपूरकर, तुमचे शब्द "वाट नको अडवू कान्हा फुटंल माझी", ही चौदा अक्षरं झाली. दुगुनीने कोंबली तर बसतील आठात, पण मग लांबवायला जागाच उरत नाही, आणि तापीकाठ दादांची सगळ्यात पक्की आठवण तीच आहे की आवाज लांबायचा आणि घुंगरं मोकळी ऐकू यायची. म्हणजे मधे दोन मात्रा तरी शब्दाविना हव्यात.

आता ताईंच्या आईची टाळी घ्या. टाळी दर दोन मात्रांना एक. पहिली "वा", दुसरी "बा", तिसरी मोकळी, चौथी "डोका", मग परत सम "घा". म्हणजे असं:

१ वा
२ ट
३ बा
४ ई
५ ऽ
६ ऽ
७ डोका
८ वर
१ घागर

भावाच्या धुम्मशी तंतोतंत बसतं. आणि "कानबाईनी" जिथे टाळीच्या आधी येतं तिथेच गवळणीत "सोड ना रं" आहे. साचा एकच आहे. आता गवळणीत "बाई"च्या जागी दोन अक्षरी हाक पाहिजे, आणि "डोकावर"च्या जागी "डोईवरी" घातलं तर तीही तशीच दोन मात्रांत बसते, शिवाय भावाला "डोई" आठवतंच. मला वाटतं ओळ अशी असेल – "सोड ना रं वाट हरीऽऽऽ, डोईवरी घागर".

नंदुरबारी_मिरची
किंवा "वाट कान्हाऽऽऽ". ते पण दोनच अक्षरं आहेत. आणि लुगडं सावरत घागर घेऊन चाललेली बाई "कान्हा" जास्त म्हणेल, "हरी" भजनात म्हणतात.

केळीवाला_रावेर
हरी पण म्हणतात गवळणीत, आमच्या मंडळात कितीतरी वेळा येतं.

फडातला_भाचा
मिरची ताई बरोबर, मात्रांवरून हरी की कान्हा ते सुटणार नाही, दोन्ही तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर बसतात. एकच खूण राहते, लांबवलेला स्वर. हरी असेल तर "ई" लांबेल, कान्हा असेल तर "आ". तापीकाठ दादा, लांबवताना बाईचा आवाज "ई" होता की "आ"? भावाला वेगळं विचारा, तुमचं उत्तर आधी सांगू नका.

तापीकाठ
मला विचाराल तर "ई". ठामपणे "ई", कानात अजून आहे, तीक्ष्ण. भावाला न सांगता विचारलं तर तो म्हणतो "आ", तोंड मोठं उघडून गायची ते त्याने समोरून पाहिलंय म्हणे. आता काय करायचं?

शिरपूरकर
भाऊ मोठा, आत बसलेला, त्याचंच खरं धरा.

फडातला_भाचा
मोठा म्हणून नको, पण आत बसलेला हे वजनदार आहे. भोंगा वरचा आवाज तीक्ष्ण करतो हे मी आधी लिहिलं, त्यामुळे बाहेर उभ्या माणसाला "आ" जरा पातळ होऊन ऐकू येऊ शकतो. पण "आ"चा थेट "ई" होईल एवढा फरक भोंग्याने पडेल असं मला नाही वाटत.

दुसरी एक शक्यता आहे. तापीकाठ दादा, तुमच्या घरी कानबाई बसते का? पिंपळनेरच्या ताईंचं "बाईऽऽऽ" तुम्ही लहानपणी घरात ऐकलं असेल तर त्यातला "ई" या गाण्यात शिरलेला असू शकतो. चाल एक, जागा तीच, तर कान दोन गाणी एकमेकांत मिसळतो. हे फार होतं. मामांना स्वतःला दोन फडांच्या गवळणींचे कडवे उलटसुलट आठवायचे, कारण दोन्हींची उठाण सारखी होती.

तापीकाठ
आमच्या घरी नाही बसत पण मावशीकडे शहाद्याला बसते आणि आम्ही दर श्रावणात जायचो. बायका काय गायच्या ते लक्ष देऊन ऐकलेलं नाही. मावशीला विचारतो.

पिंपळनेरची_लेक
विचाराच. आणि आईने अजून एक सांगितलं, आजीच्या गाण्यात घागर झाल्यावर पुढची ओळ सगळ्या बाया दुप्पट वेगाने म्हणायच्या, टाळी पण दुप्पट, आणि मग परत एकदम संथ. ते पण तमाशासारखंच ना?

फडातला_भाचा
ही तर दौडच झाली! ढोलकी "घागर" वर सम घेऊन तिथून दुगुनीत पळते, झीलकरी ओळ उचलून धरतात, आणि तिहाई मारून परत "सोड ना रं" साठी ढोलकी बंद. तापीकाठ दादांचं "कडकड तक" याच जागेवरचं आहे. बायांच्या गाण्यात टाळीची दौड सहसा अशी तोडून येत नाही, त्यांची लय हळूहळू चढत जाते. एकदम दुप्पट आणि एकदम संथ ही ढोलकीवाल्याची सवय आहे. त्यावरून मला वाटतं चाल फडातून घरात गेली, घरातून फडात नाही. पण हा माझा अंदाज, यावर भांडायला मी तयार आहे.

नंदुरबारी_मिरची
मी भांडते मग. आमच्याकडे आखाजीच्या झोक्यावर पण असं करतात, झोका वर गेला की जोरात आणि खाली आला की संथ, तिथे कुठली ढोलकी? बायांना कोणी शिकवावं लागत नाही.

फडातला_भाचा
झोक्याचं माझ्या लक्षात नव्हतं आलं. पण झोक्यावर लय झोक्याबरोबर वर-खाली होते, बरोबर मोजून दुप्पट होते का? ते नीट ऐकून सांगा, आखाजीला रेकॉर्ड करता आलं तर फारच बरं.

केळीवाला_रावेर
मी आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्या गवयांना ही ओळ म्हणून दाखवली, "सोड ना रं वाट हरी, डोईवरी घागर". एक जण म्हणाले की त्यांनी अशी ऐकली आहे पण "हरी" नाही "शिरी"... म्हणजे "श्रीहरी"तला अर्धा शब्द असावा. पुढची ओळ त्यांना "गोकुळीचा रस्ता" अशी काहीतरी आठवते. ते वहीगायनाच्या मंडळातही बसायचे म्हणून तिथली पण असू शकते असं म्हणाले.

फडातला_भाचा
"शिरी" असेल तर लांबणारा स्वर "ई" होतो, तापीकाठ दादांच्या बाजूने एक मत पडलं. पण तुम्ही त्यांना ओळ आधी "हरी" घालून म्हणून दाखवलीत ना, मग त्यांच्या कानात "ई" आपणच घातला. पुढच्या वेळी फक्त "सोड ना रं वाट" एवढंच म्हणायचं, सम द्यायची, आणि गप्प बसायचं. लांबवायला त्यांनाच लावायचं. "गोकुळीचा रस्ता" मात्र त्यांचं स्वतःचं आहे, ते जपून ठेवा. मात्रा बघा, "गोकुळीचा" दुगुनीत दोन मात्रा, "रस्ता" एक, म्हणजे दौडीच्या जागेवर बसते आणि पुढे पाच मात्रांचे शब्द अजून हवेत.

तापीकाठ
मावशीशी बोललो. तिच्याकडे कानबाईला हे गाणं म्हणतच नाहीत, तिने ऐकलंच नाही म्हणे. म्हणजे माझा "ई" तिकडून आलेला नसावा.

पण तिने दुसरंच सांगितलं. तिचे सासरे यात्रेला बैलगाडी घेऊन जायचे आणि ते शेतात ही गवळण म्हणायचे, तिने "सोड ना रं" ऐकल्याबरोबर पुढे स्वतःहून म्हटलं, "वाट, देवाऽऽऽ". मी एक शब्द सांगितला नव्हता, सम पण मांडीवरच दिली होती.

नंदुरबारी_मिरची
देवा!! म्हणजे "आ". भाऊ जिंकला.

फडातला_भाचा
"देवा" पण दोन अक्षरी आणि तिसऱ्या-चौथ्यावर बरोबर बसतो. भाऊ आत बसून "आ" म्हणतो, मावशी न सांगता "आ" म्हणते, दोघांची ओळख वेगवेगळ्या ठिकाणची. मी आता "आ"कडे झुकलो. शब्द कान्हा की देवा ते मात्र उघडंच आहे, आणि वेगवेगळ्या फडांत दोन्ही असतील तर नवल नाही.

दादा, मावशींना पुढची ओळ येते का? आणि शेवटच्या कडव्यात कोणाचं नाव येतं का तेवढं विचारा. सासऱ्यांनी कुठल्या फडाची ऐकली ते आठवत असेल तर सगळ्यात उत्तम. मी रविवारी मामांकडे जातोय, "गोकुळीचा रस्ता" म्हणून बघतो, पुढचे पाच मात्रांचे शब्द त्यांच्या हाताला आठवतात का ते. ढोलकी हातात दिली की त्यांना जास्त आठवतं.

तापीकाठ
मावशी म्हणते सासऱ्यांना एकच कडवं यायचं, तेच ते परत परत म्हणायचे. फडाचं नाव तिला माहीत नाही, पण तिचे मोठे दीर प्रकाश्याला असतात, ते वडिलांबरोबर गाडीत जायचे. त्यांचा नंबर घेतला आहे, उद्या संध्याकाळी फोन करतो. फक्त "सोड ना रं वाट" म्हणणार, पुढे गप्प.

ढोलकी_शिकाऊ_चाळीसगाव
भाचा दादा, मी हे वाजवून बघितलं, "सोड ना रं" ला ढोलकी बंद ठेवून "वा"वर सम घेतली तर पहिल्या दोन मात्रांत बारीक बाजू वाजवायची की नुसता घुमारा सोडायचा? दोन्ही करून पाहिलं, नुसता घुमारा सोडला की शब्द मोकळा ऐकू येतो.

फडातला_भाचा
नुसता घुमारा. मामा तिथे जाड बाजूवर हात घासून आवाज वर ओढायचे आणि बारीक बाजू पाचव्या मात्रेपर्यंत उचलायचेच नाहीत, घुंगरांना जागा द्यायला. तसं वाजवून एक क्लिप इथे टाका, तापीकाठ दादांच्या भावाला ऐकवू.